कर्ण दुबळा असला तरी उत्तर मिळू शकतं

«लक्षात ठेवा: मॅट्रिक्स डायगोनली डॉमिनंट नसेल तर जेकोबी आणि गाउस-सायडेल कन्व्हर्ज होतच नाहीत. डॉमिनंट असेल तर दोन्ही पटकन कन्व्हर्ज होतात, आणि गाउस-सायडेल कधीही जेकोबीच्या दुप्पट वेगाने.»

परीक्षा जवळ आली की सांगली-साताऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये हा मेसेज फिरू लागतो. विश्रामबागेत माझ्याकडे न्यूमेरिकल मेथड्स शिकायला येणारी मुलं तो पाठ करूनच येतात. जेकोबी आणि गाउस-सायडेल म्हणजे अंदाजाने सुरुवात करून फेरीफेरीने समीकरणांच्या उत्तराकडे जाण्याच्या पद्धती, आणि डायगोनली डॉमिनंट म्हणजे प्रत्येक ओळीत कर्णाचा घटक निरपेक्ष किमतीने बाकीच्यांच्या बेरजेहून मोठा. मेसेजमध्ये तीन विधानं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिलं खोडायला एक उदाहरण पुरतं.

```
 x + 2y − 2z = 1
 x +  y +  z = 3
2x + 2y +  z = 5
```

उत्तर x = y = z = 1. कर्णावर सगळीकडे १ आहे. उरलेल्या सहगुणकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज पहिल्या ओळीत ४, दुसरीत २ आणि तिसरीत ४ येते, म्हणजे एकही ओळ डॉमिनंट नाही. तरी जेकोबी चालवून बघा. सुरुवात (०, ०, ०) पासून करा, पहिल्या समीकरणातून x, दुसऱ्यातून y, तिसऱ्यातून z काढा आणि प्रत्येक फेरीत तिन्ही जुन्याच किमती वापरा. पहिल्या फेरीनंतर (१, ३, ५) येतं, दुसरीनंतर (५, −३, −३) आणि तिसरीनंतर (१, १, १). तीन फेऱ्यांत अचूक उत्तर! सुरुवात दुसरी कुठलीही घेतली तरी जास्तीत जास्त तीनच फेऱ्या लागतात.

मधल्या आकड्यांकडे नीट बघा. सुरुवातीला चूक १ ची होती, ती दुसऱ्या फेरीनंतर ४ ची झाली आणि तिसऱ्या फेरीत नाहीशी झाली. दोन फेऱ्या करून «डायव्हर्ज होतंय» असं लिहून पेन खाली ठेवणाऱ्याचे मार्क इथेच जातात.

असं का होतं ते समजायला डॉमिनन्स बाजूला ठेवावा लागतो. या पद्धतींत सहगुणकांच्या मॅट्रिक्स A चे दोन भाग करतात, A = M − N, आणि प्रत्येक फेरीत M ने सुटणारं सोपं समीकरण सोडवतात. जेकोबीत M म्हणजे फक्त कर्ण, गाउस-सायडेलमध्ये कर्ण आणि त्याखालचा त्रिकोण. दर फेरीला चुकीला B = M⁻¹N ने गुणलं जातं, बाकी काही घडत नाही. म्हणून कुठूनही सुरुवात केली तरी उत्तराकडे जाण्याची अट एकच: B च्या आयगेन व्हॅल्यूंपैकी निरपेक्ष किमतीने सर्वांत मोठी, म्हणजे स्पेक्ट्रल रेडियस ρ(B), १ पेक्षा लहान हवी. ही अट आवश्यकही आहे आणि पुरेशीही. वरच्या उदाहरणात जेकोबीच्या B च्या तिन्ही आयगेन व्हॅल्यू शून्य आहेत आणि B चा घन शून्य मॅट्रिक्स आहे, म्हणून तिसऱ्या फेरीत चूक उरतच नाही.

मग डॉमिनन्स कुठे बसतो? प्रत्येक ओळीत कर्णाचा घटक निरपेक्ष किमतीने बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा काटेकोरपणे मोठा असला, तर जेकोबीच्या B मधल्या प्रत्येक ओळीची निरपेक्ष बेरीज १ पेक्षा कमी येते आणि ρ तिच्याहून मोठा असू शकत नाही. गाउस-सायडेललाही हीच हमी मिळते. ही हमी पुरेशी आहे, पण आवश्यक नाही. ती नसली तर पद्धत चालेल की नाही हे ठरत नाही, ते अजून तपासायचं आहे, इतकंच.

आता त्याच समीकरणांवर गाउस-सायडेल चालवा, म्हणजे नवी किंमत मिळाली की लगेच वापरा. (१, २, −१), मग (−५, ९, −३), मग (−२३, २९, −७), मग (−७१, ८१, −१५). z मधली चूक १, २, ४, ८, १६ अशी दर फेरीला दुप्पट होते, कारण इथे ρ = २ आहे. ज्या समीकरणांवर जेकोबी तीन फेऱ्यांत संपतो, तिथे गाउस-सायडेल कधीच पोहोचत नाही. संगणकावर पडताळायचं असेल तर:

```python
import numpy as np
A = np.array([[1,2,-2],[1,1,1],[2,2,1]], float)
for M in (np.diag(np.diag(A)), np.tril(A)):
    B = np.eye(3) - np.linalg.solve(M, A)
    print(max(abs(np.linalg.eigvals(B))))
```

पहिला आकडा नेमका शून्य न दिसता अगदी छोटा काहीतरी दिसू शकतो. तो राउंडिंगचा परिणाम आहे, त्याने गोंधळू नका.

कुणी म्हणेल, हा मॅट्रिक्स डॉमिनंट नव्हता म्हणून असं झालं. मग कर्ण तसाच ठेवून बाकीचे सगळे घटक ०.२ ने गुणा. आता प्रत्येक ओळ काटेकोर डॉमिनंट आहे आणि दोन्ही पद्धती चालतात. तरीही जेकोबीचा ρ शून्यच राहतो, तर गाउस-सायडेलचा सुमारे ०.१८ येतो. म्हणजे डॉमिनंट मॅट्रिक्सवरही जेकोबी पुढे जाऊ शकतो.

उलटंही घडतं. कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०.८ असलेला ३×३ मॅट्रिक्स घ्या. जेकोबीचा ρ १.६ येतो, म्हणजे तो हमखास भरकटणार. पण हा मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे आणि त्याच्या आयगेन व्हॅल्यू २.६, ०.२, ०.२, सगळ्या धन. अशा मॅट्रिक्सवर गाउस-सायडेल नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतो, डॉमिनन्स असो वा नसो.

«दुप्पट वेग» हा नियम आला कुठून तेही सांगतो. ट्रायडायगोनल मॅट्रिक्ससाठी गाउस-सायडेलचा ρ हा जेकोबीच्या ρ चा वर्ग असतो, त्यामुळे तितक्याच अचूकतेला निम्म्या फेऱ्या लागतात. वर्गात बहुतेक उदाहरणं याच जातीची सोडवली जातात, म्हणून नियम सगळीकडे लागू आहे असं वाटतं. जेकोबीच्या B मध्ये एकही ऋण घटक नसेल, तर १९४८ चं स्टाइन-रोझेनबर्ग प्रमेय सांगतं की दोन्ही एकतर चालतात किंवा दोन्ही चालत नाहीत, आणि चालले तर गाउस-सायडेल मागे पडत नाही. ही अट काढली की वरची उदाहरणं उभी राहतात.

राहिला «पटकन». माझ्या मते मेसेजमधला सर्वांत घातक शब्द हाच, कारण बाकीच्या चुकांनी परीक्षेतले मार्क जातात, पण याने प्रत्यक्ष कामात चुकीचं उत्तर बरोबर समजून पुढे दिलं जातं. आपल्याकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची भिंत घ्या: बाहेर ४० अंश, आत ४ अंश, आणि भिंतीच्या जाडीत मधले १०० बिंदू. स्थिर तापमानासाठी प्रत्येक बिंदूचं समीकरण −१, २, −१ असं येतं. कडेच्या दोन ओळी काटेकोर डॉमिनंट आहेत, मधल्या ओळींत बरोबरी आहे. सगळे बिंदू एकमेकांशी जोडलेले असल्याने एवढ्यावर दोन्ही पद्धतींची हमी मिळते. पण जेकोबीचा ρ इथे cos(π/101), म्हणजे सुमारे ०.९९९५ आहे. चूक दहा पटींनी कमी करायला जेकोबीला सुमारे ४,७६० आणि गाउस-सायडेलला सुमारे २,३८० फेऱ्या लागतात. बिंदू १,००० केले तर जेकोबीच्या फेऱ्या साडेचार लाखांच्या पुढे जातात. हमी तीच राहते, वेग मात्र शंभरेक पटींनी पडतो.

त्यातून थांबण्याची चूक होते. बहुतेक जण लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक ०.००१ अंशाखाली आला की थांबतात. पण ρ १ च्या जवळ असताना उरलेली चूक त्या फरकाच्या साधारण १/(1 − ρ) पट असते. या भिंतीवर गाउस-सायडेलसाठी ती पट हजाराच्या थोडी वर आहे, म्हणजे ०.००१ वर थांबलात तर भिंतीच्या मध्याजवळ अजून सुमारे १ अंशाची चूक शिल्लक असते. मोठ्या मॅट्रिक्सवर ρ काढत बसायची गरज नाही. लागोपाठच्या दोन फरकांचं गुणोत्तर लिहीत जा. अशा भिंतीसारख्या उदाहरणात काही फेऱ्यांनी ते स्थिरावतं आणि तोच ρ चा अंदाज असतो. आत्ताच्या फरकाला त्या १ − ρ ने भागा. येणारा आकडा तुम्हाला चालण्याजोगा असेल तेव्हाच थांबा.