खुलासा: गेममधले रंगीत ठिपके आणि ताणलेले त्रिकोण

«गेम खेळताना स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी येतात. सगळे म्हणतात, ड्रायव्हरचा बग आहे, पुढच्या अपडेटमध्ये जाईल. खरं का?»

बहुतेक वेळा नाही. एकाच गेममध्ये, नेमक्या त्याच जागी दिसत असेल तर बगचा संशय रास्त. पण वेगवेगळ्या गेममध्ये, ग्राफिक्स कार्ड तापल्यावर वाढत असेल, तर त्या कार्डाच्या मेमरीकडे बघा.

त्रिकोण का ताणले जातात? गेममधलं प्रत्येक मॉडेल छोट्या त्रिकोणांचं बनलेलं असतं आणि त्यांच्या प्रत्येक कोपऱ्याची जागा सांगणारे आकडे या मेमरीत असतात. समजा, एक आकडा 2 आहे. त्याच्या घातांकातला एकच बिट उलटला, तर 2 चे 512 होऊ शकतात. मग पात्राच्या खांद्याचा कोपरा थेट क्षितिजापलीकडे जातो आणि मधली कातडी रबरासारखी ताणते. चौकटींचं कारणही तसंच: चित्राचे तुकडे अनेक चिपांमध्ये वाटलेले असतात, त्यामुळे एक चिप बिघडली की ठरावीक अंतराने डाग पडतात.

आधी स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मशीनवर बघा. त्यात डाग नसतील तर केबल किंवा मॉनिटर तपासा. असतील तर ओव्हरक्लॉक, म्हणजे कार्डाचा वाढवलेला वेग, काढा, मग मेमरी क्लॉक मूळ वेगापेक्षा 300 मेगाहर्ट्झ खाली आणा. ठिपके कमी झाले, तर मेमरीच. संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवरही डाग असतील तर ड्रायव्हर निर्दोष. तो तेव्हा लोडच झालेला नसतो.

वॉरंटी असेल तर कार्ड उघडू नका. कार्ड तापवून दुरुस्त करायला हेअर ड्रायर, ओव्हन वगैरे तर नकोच!