आरपीएमचा काटा कुठं होता?

आमची गाडी गॅरेजला रंगायला टाकलेली, आणि त्याच आठवड्यात आत्या आली आणि म्हणाली मला कास बघायचंय, फुलं काय माझ्यासाठी थांबणारेत का. सप्टेंबर चाललेला, म्हणजे खरंच थांबणार नव्हती. मग साताऱ्यातच एका ठिकाणाहून दोन दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली. मालकानं किल्ली द्यायच्या आधी गाडीभोवती फिरून सतरा फोटो काढले, प्रत्येक ओरखड्याचा, प्रत्येक खरचटलेल्या कोपऱ्याचा, एक तर वायपरचा पण. डॅशबोर्डचा एकही नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

सकाळी साडेसहाला आई, आत्या, बायको सगळे बसले, डबे ठेवले, मी किल्ली फिरवली आणि समोर दिवाळी. लाल, पिवळं, मधेच एक निळं. मी अर्ध्यातच हात काढला, म्हटलं आधी फोटो काढू, नंतर काय झालं तर पुरावा असावा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "हे काय आहे कुणाला कळतंय का?"

हा प्रश्न आमच्या ग्रुपवर विचारू नये. पुण्याहून दाजींचं उत्तर आधी आलं, "इंजिन गेलंय." दाजींना गाड्यांतलं कळतं असं दाजींचं मत आहे. इकडं आत्या मागच्या सीटवरनं फोटो मोठा करून एकेक चित्र वाचत होती. "हा बघ माणूस, मांडीवर कलिंगड घेऊन बसलाय." ती एअरबॅग. "ही गाडी वाकडीतिकडी गेलीय, प्यायलेला असणार." ती गाडी घसरताना सांभाळणारी सिस्टीम. "आणि ही तेलाची झारी, टोकाला थेंब लोंबतोय." आता ही मात्र खरंच झारीच आहे, इंजिन ऑइलच्या प्रेशरची, आणि रस्त्यात चालत्या गाडीत ती लाल पेटली तर तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं असतं, पुढं गॅरेज आहे म्हणून दोन किलोमीटर रेटायचं नसतं. आत्यानं चित्र ओळखलं पण ती "तेल संपलं असेल तर किचनमधनं आणू का" म्हणाली.

शेवटी आमच्या गॅरेजवाल्या बापूंना फोटो पाठवला. त्यांचा फोन लगेच आला.

"गाडी चालू होती का फोटो काढताना?"

"चालूच आहे की बापू, लाईटी लागल्यात."

"लाईटी न्हवं. इंजिन. फोटोत आरपीएमचा काटा बघा कुठंय."

बघितलं. शून्यावर.

"मग त्यात काय बिघडलंय? किल्ली ऑनवर आणली की गाडी सगळ्या लाईटी लावून दाखवती, बल्ब शाबूत हायती का बघायला. चार-पाच सेकंदात बऱ्याच विझत्यात, इंजिनाची, बॅटरीची, ऑइलची तेवढी इंजिन चालू होईपर्यंत राहतीय. आता चालू करा आणि मग काय उरतंय ते सांगा."

चालू केली. सगळं विझलं. लाल गोल तेवढा राहिला, तो हँडब्रेक खाली घेतल्यावर गेला, आणि ती निळी, पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखी, ती इंजिन गार आहे म्हणून, थोड्या वेळानं आपोआप गेली. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. दाजींनी लिहिलं, "मी म्हणालोच होतो काही नाही."

समर्थ मंदिरावरनं यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो, फुलं बघितली, आत्यानं प्रत्येक फुलाला घरच्या कुठल्यातरी फुलाचं नाव दिलं, धुक्यात डबे खाल्ले. ते सगळं छान झालं, ते सांगत बसत नाही.

परत येताना उतार लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर लाल काहीतरी लुकलुकलं. मी बघेपर्यंत गेलं. पुढच्या वळणावर परत. गोल, त्याच्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. मी हँडब्रेक चाचपला, खालीच होता. थोडा सपाट रस्ता आला तिथं बाजूला थांबलो तर लाईट गायब. फोटो काढला, फोटोत स्वच्छ डॅशबोर्ड. बायको म्हणाली, "तू घाबरलायस म्हणून तुला दिसतंय." निघालो, उताराला लागलो, परत लाल! या वेळी तिनंच चालत्या गाडीत फोटो काढला आणि तो ग्रुपवर टाकला, माझ्या परवानगीशिवाय.

इथनं पुढचा घोळ पूर्ण फोटोचा आहे. मोबाईल अंधारातल्या डॅशबोर्डवर उजेड वाढवून फोटो काढतो, त्यामुळं लाल लाईट मधे फटक पांढरी आणि कडेनं नारिंगी दिसते. त्या फोटोत आमचा लाल गोल चक्क पिवळा दिसत होता आणि बाजूचे कंस उजेडात विरघळून गेलेले, राहिलं काय, तर एक गोलसर भांडं आणि आत उद्गारचिन्ह. दाजींचा फोन आला. "अरे ही टायरची. घोड्याच्या नालेसारखी असते, मधे उद्गारचिन्ह. पिवळी म्हणजे घाबरायचं काही नाही, हवा कमी आहे."

ऐकायला एकदम बरोबर. पिवळी म्हणजे सवडीनं दाखवा आणि लाल म्हणजे आत्ता बघा, हे खरंच तसंच असतं, पण मुळात रंग फोटोवरनं ठरवलेला ना! आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी लाल बघितलेली असताना फोटो बघून म्हणायला लागलो की हो, पिवळीच असेल.

वाटेत यवतेश्वरला एक पंक्चरवाला होता. त्यानं चारही टायरला गेज लावला. दाराच्या कडेला स्टिकरवर ३३ लिहिलेलं, एक ३२ आणि बाकी तीन ३३. पोरगं माझ्याकडं बघत म्हणालं, "काका, हवा भरू का काढू?" आत्या म्हणाली पैसे दे त्याला, वीस मिनिटं वाकलाय बिचारा. दिले.

परत बापू.

"दाजी म्हणतात टायरची आहे."

"सकाळचा फोटो काढा वर. त्या दिवाळीत नाल हाय का कुठं?"

शोधली. कलिंगडवाला होता, झारी होती, प्यायलेली गाडी होती. नाल नव्हती.

"मग त्या गाडीला टायरचं सेन्सरच न्हाईत. असती तर सकाळी लागली असती. आणि गोलाला दोन बाजूला कंस म्हणजे ब्रेक. ब्रेकचं तेल कमी झालंय, बॉनेट उघडा."

म्हणजे सकाळी ज्या फोटोवरनं माझी चेष्टा झाली तोच फोटो गाडीत कुठली कुठली लाईट आहे त्याची यादी निघाला. मी हे बायकोला दोनदा सांगितलं.

बॉनेट उघडलं. काचेजवळ ड्रायव्हरच्या बाजूला पांढुरका प्लास्टिकचा छोटा डबा, त्यावर MAX आणि MIN अशा दोन रेघा. मोबाईलची टॉर्च मागनं लावली तेव्हा आतल्या तेलाची पातळी दिसली, बरोबर MIN वर टेकलेली. बापू म्हणाले आत फ्लोट असतोय, गाडीचं तोंड खाली झालं की नाहीतर वळणावर तेल एका बाजूला सरकतंय, फ्लोट खाली बसतोय, लाईट लागतीय, सपाटीला परत विझतीय. म्हणून उभ्या गाडीचा फोटो काढून काय मिळणार, दहा सेकंदाचा व्हिडिओ काढायचा, तोही बाजूला बसलेल्यानं.

"टाकू का तेल? इथं दुकान आहे एक."

"कायबी टाकू नका. झाकणावर काय लिहिलंय? DOT 4? मग तेच लागतंय, तेबी सीलबंद डब्यातलं, उघड्या डब्यातलं हवेतलं पाणी पितंय. आधी इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा. कडक लागतोय का खाली खाली जातोय?"

कडक होता. चारही चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघितलं, ओलं कुठं नव्हतं. आत्या छत्री धरून उभी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, ब्रेक गेलेत आमचे.

"पेडल खाली जात असतं किंवा चाकाशी ओलं असतं तर म्हटलो असतो तिथंच सोडा, टो करून आणू. आता सेकंड गिअरला या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, आणि लाईट लागून राहिली तर थांबा."

सेकंडला आलो. इंजिन ओरडत होतं, मागनं हॉर्न वाजत होते, आई रामरक्षा म्हणत होती आणि मी डॅशबोर्डकडं न बघायचा प्रयत्न करत होतो. समर्थ मंदिरापर्यंत लाईट सहा वेळा लागली, आत्यानं मोजली.

बापूंनी गॅरेजमधे चाकाच्या आऱ्यांतनं टॉर्च मारली. पुढचे ब्रेक पॅड दोन-तीन मिलिमीटर राहिलेले. तेल गळलं नव्हतंच. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागं तेल जाऊन बसतं, तेवढं वरच्या डब्यात कमी दिसतं. वर तेल ओतलं असतं तर लाईट विझली असती आणि पॅड तसेच झिजत राहिले असते, आणि नवीन पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलल्यावर तेच तेल उतू जाऊन सगळीकडं झालं असतं, रंग उचलतंय ते, असं बापू म्हणाले. आपली गाडी नाही म्हणून पॅड बदलले नाहीत. घाटात परत नेऊ नका आणि मालकाला सांगा, एवढं म्हणून त्यांनी चहा पाजला.

संध्याकाळीच गाडी परत केली, दुसरा दिवस सोडून दिला. मालक सतरा फोटो घेऊन गाडीभोवती फिरला, मागच्या दारापाशी थांबला, अंगठ्यानं घासून बघितलं, चिखल निघाला, थोडा नाराज झाला. मी ब्रेकचं सांगितलं. पॅड, MIN ची रेघ, उतार, सगळं. "ती लाईट लागते सर, लक्ष नाही द्यायचं."

मी म्हटलं लाल लाईट आहे ती, आणि बायकोनं काढलेला फोटो त्याच्यासमोर धरला.

त्यानं मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "सर, पिवळी दिसतीये की."