आरएमआर चौऱ्याहत्तर, तरी कटिंग धोक्याची

«घाटातल्या नव्या कटिंगचा आरएमआर ७४ आलाय. रिपोर्टमध्येच लिहिलंय, दगड 'चांगला'. दोन वर्षं उभी आहे, हललीसुद्धा नाही. कोसळतो तो मुरूम, काळा पाषाण नाही. मग हे बोल्ट आणि जाळ्या कशाला? नुसता बिल फुगवायचा धंदा.»

आधी या तक्रारीतल्या ७४ बद्दल. आरएमआर, म्हणजे रॉक मास रेटिंग, बिनियाव्स्की यांनी १९७३ मध्ये मांडलं आणि १९८९ पर्यंत त्यात सुधारणा केल्या. ते मुळात बोगद्यांसाठी होतं. पाच गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची: दगडाची ताकद, आरक्यूडी म्हणजे दगड किती अखंड आहे, सांधे म्हणजे दगडातल्या भेगा किती अंतरावर आहेत, सांध्यांची अवस्था कशी आहे, आणि पाणी. ६१ ते ८० गुण मिळाले की तक्ता त्याला 'चांगला' म्हणतो. कशासाठी चांगला, तेही तक्त्यात दिलेलं आहे: दहा मीटर रुंदीचा बोगदा आधाराशिवाय साधारण वर्षभर उभा राहील इतपत. रस्त्याच्या कडेला उभा कापलेला डोंगर पुढची तीस वर्षं उभा राहील, असं त्या शब्दात कुठेही नाही.

७४ कसे होतात ते बघू. आपल्या बालाघाटातल्या घट्ट काळ्या बसाल्टला शोभतील असे आकडे मी उदाहरणादाखल धरतो. दगडाची ताकद १०० मेगापास्कलच्या वर, गुण १२. कटिंगवर बोअर घेतलेला नसतो, म्हणून एका घनमीटरमध्ये किती सांधे येतात ते मोजून आरक्यूडी काढतात. तिथे ९ सांधे आले तर आरक्यूडी पंच्याऐंशीच्या आसपास, गुण १७. सांध्यांमधलं अंतर फूट-सव्वा फूट, गुण १०. सांध्याचे पृष्ठभाग किंचित खरखरीत, फट मिलिमीटरच्या आत, पण कडा बऱ्याच कुजलेल्या, गुण २०. एप्रिलमध्ये पाहणी केली, सगळं कोरडं ठाक, गुण १५. बेरीज ७४.

आता या पाचांमध्ये एक गोष्ट शोधून दाखवा: सांधा कोणत्या दिशेला कललेला आहे? ती कुठेच नाही. आणि डोंगर उभा कापल्यावर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. बिनियाव्स्कींनाही हे माहीत होतं. सांध्याची दिशा वाईट असेल तर उतारासाठी साठपर्यंत गुण वजा करायला त्यांनी सांगितलं होतं. पण 'वाईट' नेमकं कशाला म्हणायचं हे उतारांच्या बाबतीत त्यांनी नीट बांधून दिलं नाही. ते काम रोमाना यांनी १९८५ मध्ये केलं. त्यांच्या पद्धतीला एसएमआर, म्हणजे स्लोप मास रेटिंग, म्हणतात, आणि आपल्याकडेही तिचं भारतीय मानक आहे, आयएस १३३६५ चा तिसरा भाग. म्हणजे ही गोष्ट कुण्या सल्लागाराच्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही.

सूत्र एका ओळीचं आहे:

SMR = RMR + (F1 × F2 × F3) + F4

F1 बघतो की सांध्याची कलण्याची दिशा आणि कटिंगच्या तोंडाची दिशा किती जुळतात. फरक पाच अंशांच्या आत असेल तर १, तीस अंशांच्या वर असेल तर ०.१५. F2 बघतो सांधा किती कललेला आहे. ४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर १. F3 बघतो की कटिंगने सांध्याचा पायथा उघडा पाडला आहे का. सांधा कटिंगपेक्षा दहा अंशांहून जास्त सपाट असेल, म्हणजे तो कटिंगच्या तोंडात बाहेर निघत असेल, तर उणे ६०. F4 सुरुंगकामाचा: नेहमीच्या ब्लास्टिंगला शून्य, प्रीस्प्लिट करून रेषेत कापलं तर अधिक १०, बेफाम उडवलं तर उणे ८.

आता रस्ता दक्षिणोत्तर धरा, दोन्ही बाजूंना १२ मीटर उंच कटिंग, कल ७६ अंश (एक आडवं, चार उभं). त्याच बसाल्टमध्ये सांध्यांचा एक संच जवळजवळ थेट पश्चिमेकडे, कंपासवर २६६ अंशांना, ५० अंशांनी उतरतो. उरलेले दोन संच उभे आहेत आणि आपल्या कोणत्याही तोंडाला समांतर नाहीत, त्यांच्यापायी चार गुणही जात नाहीत.

पूर्वेकडची कटिंग घ्या. तिचं तोंड पश्चिमेला, २७० अंशांना. सांध्याशी फरक चार अंश, म्हणून F1 एक. सांधा ५० अंशांचा, F2 एक. कटिंग ७६ अंशांची, सांधा तिच्यापेक्षा २६ अंशांनी सपाट, F3 उणे ६०. ब्लास्टिंग नेहमीचं. ७४ मधून ६० गेले, राहिले १४. एसएमआरच्या तक्त्यात वीसच्या खालची कटिंग पूर्ण अस्थिर. सुरुंग वाईट उडवले असतील तर ६.

रस्ता ओलांडा. पश्चिमेकडच्या कटिंगचं तोंड पूर्वेला, आणि तोच सांधा आता डोंगराच्या आत उतरतो. घसरून खाली येण्याचा प्रश्न नाही, पण दगडाच्या पाट्या रस्त्याकडे कलंडू शकतात. सांध्याचा आणि कटिंगचा कोन मिळून १२६, म्हणजे १२० च्या वर, म्हणून F3 उणे २५. एसएमआर ४९, अर्धवट स्थिर. आणि पुढच्या वळणावर रस्ता पूर्वेकडे वळला आणि कटिंगचं तोंड उत्तरेला आलं, तर फरक नव्वदच्या घरात, F1 फक्त ०.१५, नुकसान ९ गुणांचं. एसएमआर ६५, स्थिर.

एकच दगड आणि एकच आरएमआर, पण तीन तोंडं आणि तीन निकाल: १४, ४९ आणि ६५. 'घाटाचा आरएमआर अमुक' हे वाक्य म्हणूनच कटिंगच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. वळणावळणाच्या घाटात तर जास्तच.

१४ या आकड्यावर विश्वास बसत नसेल तर एसएमआर बाजूला ठेवा आणि साधा हिशोब करा. सांध्यावरचं घर्षण उदारपणे ३५ अंशांचं धरू. सांध्याला स्वतःचा चिकटपणा काही नाही आणि तो कोरडा आहे असं मानलं, तर सुरक्षा गुणांक म्हणजे ३५ अंशांचा टॅन भागिले ५० अंशांचा टॅन, येतो ०.५९. एकच्या खाली. मग पाटी खाली का आली नाही? कारण सांधा पूर्ण तुटलेला नाही. मध्ये मध्ये अखंड दगडाचे पूल शिल्लक आहेत, तेच तिला धरून आहेत. आरएमआरच्या तक्त्यात 'चांगल्या' दगडासमोर दिलेले चिकटपणा आणि घर्षण हे संपूर्ण खडकसमूहाचे अंदाज आहेत. ते एका सांध्याला लावले की गणित सुटल्यासारखं दिसतं, पण चुकीचं सुटतं.

इथूनच दोन वर्षांच्या मुद्द्याकडे येतो. हे दगडी पूल एका दिवसात तुटत नाहीत. दरवर्षी पाणी शिरतं, कडा कुजतात, वरच्या शेतातली काळी माती भेगेत उतरते, ओली झाली की फुगते. पाण्यासाठी आरएमआरमध्ये सगळे मिळून १५ गुण आहेत. तीच कटिंग ऑगस्टमध्ये ठिबकताना मोजली तर १५ च्या जागी ४ मिळतात, आरएमआर ६३ होतो, आणि तक्ता अजूनही 'चांगला'च म्हणतो! पूर्वेकडच्या तोंडाचा एसएमआर मात्र ३ उरतो. खरा दाब तर या गुणांत नीट उतरतही नाही. मागच्या उभ्या भेगेत तीन मीटर पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांच्या आसपास ढकल बसते, आणि ती रस्त्याच्या दिशेने असते. कन्नडच्या घाटात, म्हणजे औट्रम घाटात, ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, ती मुसळधार पावसात. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत पाण्याचे पूर्ण गुण दिलेले दिसले, तर रिपोर्ट तिथेच थांबवून विचारावं की पावसाळ्यात कुणी बघून आलं का.

मुरूम पडतो हे खरं, आणि तो पाषाणालाही घेऊन पडतो. मराठवाड्याचा डोंगर म्हणजे लाव्हाचे थरावर थर, आणि पुष्कळ ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा, रेड बोल. वर घट्ट बसाल्ट, त्यात उभे सांधे, खाली ही तांबडी माती. पावसाने माती झडते, वरचा दगड पुढे लोंबतो आणि उभ्या सांध्यावरून सुटून सरळ खाली येतो. इथे एसएमआरचाही फारसा उपयोग नाही, कारण पाया पोखरला जाणं हे त्याच्या गणितातच नाही. त्यातून कुणी बसाल्टचे ७४ आणि बोलचे २५ यांची सरासरी काढून 'मध्यम, ५०' असं लिहिलं, तर तो आकडा डोंगरातल्या कुठल्याच दगडाचा नसतो. दोन्ही थर वेगळे मोजायचे. बोलच्या पट्ट्याला दगडी बांधकामाने किंवा शॉटक्रीटने, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटने, झाकायचं, पाणी निघायला भोकं ठेवायची.

बोल्ट-जाळ्यांबद्दलचा संशय मी सरसकट उडवून लावणार नाही. पूर्वेकडच्या त्या तोंडावर कुणी नुसती जाळी टाकली असेल तर तो पैसा खरोखरच वाया गेला. जाळी सुटे धोंडे अडवते; ५० अंशांच्या सांध्यावरून सुटलेली अख्खी पाटी ती अडवत नाही. एसएमआर २० च्या खाली असताना पहिला उपाय म्हणजे कटिंग पुन्हा कापणं. ती ५० अंशांवर, म्हणजे सांध्याच्या रेषेतच कापली तर F3 उणे २५ होतो आणि एसएमआर ४९. ४५ अंशांवर नेली तर सांधा तोंडात बाहेरच निघत नाही, F3 उणे ६, एसएमआर ६८. पण १२ मीटर उंचीला ७६ अंशांची कटिंग आडवी तीन मीटर जागा खाते आणि ४५ अंशांची बारा मीटर. वरची नऊ मीटर जमीन कुणाच्या तरी शेताची किंवा वनखात्याची असते, आणि ती मिळणार नसेल तर मग सांध्याच्या पलीकडे घट्ट दगडात रुजणारे लांब अँकर आणि पाणी काढणारी आडवी भोकं, एवढाच मार्ग उरतो. बिल बघायचंच असेल तर त्यात अँकरची लांबी बघा. त्या सांध्याच्या पलीकडे न पोचणारे बोल्ट लावले असतील, तर तक्रार जरूर करा.