सरकारी कंपनी ओळखण्याची घरगुती पद्धत

कंपनी सरकारी की खासगी हे ओळखायला फार डोकं चालवू नये. पाटी बघावी. ‘हिंदुस्थान’ किंवा ‘भारत’ दिसलं की सरकारी. हिंदुस्थान पेट्रोलियम सरकारी आहेच, मग हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणही सरकारीच समजून अंगाला लावावा. भारत पेट्रोलियमच्या न्यायाने पुण्याची भारत फोर्जही सरकारजमा करावी, मालकांना कळवायची गरज नाही. आणि बँक ऑफ महाराष्ट्र अर्थातच महाराष्ट्र सरकारची. तिची मालकी दिल्लीच्या सरकारकडे आहे, पण ते नावात कुठे आहे?

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा या पद्धतीवर गाढ विश्वास आहे. परवा जिन्यात पाइप गॅसचं बिल हातात धरून म्हणाले, “महानगर गॅस म्हणजे महानगरपालिकेचंच खातं, नाही का?” बिलावर बारीक अक्षरात 21 आकडे-अक्षरांचा एक कंपनी क्रमांक असतो. तो तुम्ही चुकूनही वाचू नका, नाहीतर सगळी मजा जाते. त्यात कंपनी स्थापन झाल्याचं साल येतं आणि त्याला चिकटून तीन अक्षरं. केंद्राची कंपनी असेल तर GOI, राज्याची असेल तर SGC. महावितरणच्या बिलावर SGC सापडतं. काकांच्या गॅसच्या बिलावर निघालं PLC, म्हणजे साधी पब्लिक लिमिटेड. ‘पब्लिक’ बघून काका खूश झाले. पब्लिक म्हणजे जनता आणि जनता म्हणजे सरकार, असा त्यांचा हिशेब.

खरा हिशेब कंपनी कायद्यात आहे आणि तो कंटाळवाणा आहे. भागभांडवलाचा किमान 51 टक्के हिस्सा केंद्राकडे, राज्यांकडे किंवा दोघांकडे मिळून असेल तर ती सरकारी कंपनी. अशा कंपनीची उपकंपनीही सरकारीच. महानगर गॅसमध्ये ‘गेल’ या गॅस कंपनीचे 32.5 टक्के आहेत आणि महाराष्ट्र सरकारचे 10. गेल स्वतः सरकारी, म्हणून बेरीज करून 42.5 धरलं तरी 51 भरत नाहीत, आणि 32.5 टक्क्यांवर ती गेलची उपकंपनीही ठरत नाही. तेव्हा सरकारी हिस्सा असलेली बिगरसरकारी कंपनी, असं काहीतरी काकांना सांगावं लागलं. त्यांनी माझ्याकडे, लग्नात वाढप्याने पंगतीतला एक माणूस वगळावा, तसं पाहिलं.

मग मी हिंदुस्थान पेट्रोलियमचं सांगितलं, हे माझंच चुकलं. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने तिच्यातला आपला सगळा हिस्सा, 51.11 टक्के, ओएनजीसीला 36,915 कोटींना विकला. केंद्राच्या नावावर तिचा एकही शेअर उरला नाही. आणि कंपनी? सरकारीच, कारण आता ती एका सरकारी कंपनीची उपकंपनी झाली. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात गेले आणि ही रक्कम निर्गुंतवणुकीच्या जमेत मोजली गेली. घरी हा प्रयोग जरूर करा: बायकोच्या कपाटातला हार आईच्या कपाटात ठेवून दागिने विकल्याचं सांगा.

आता अर्धवट मालकीबद्दल. इथे माझा सल्ला एकच: सरकारचा हिस्सा दिसला की बुडायची भीती सोडून द्या. व्होडाफोन आयडियाचं बघा. सरकारचं देणं फेडता येईना, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये 16,133 कोटींच्या थकबाकीचे शेअर झाले, एप्रिल 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे. सरकारचा हिस्सा 48.99 टक्के. सर्वांत मोठा भागधारक सरकार, कारभार मात्र जुन्या प्रवर्तकांकडेच. कंपनी बुडाली तर सरकारचे शेअर बुडतील, तिची इतर देणी सरकारच्या गळ्यात पडणार नाहीत. हमी हवी असेल तर ती वेगळी लिहून घ्यावी लागते. पण इतक्या बारकाव्यात तुम्ही शिरू नका. झोप मोडते.

एवढ्या हिश्श्याचा उपयोग काय, असं विचाराल, तर नकार द्यायला होतो. विशेष ठरावाला 75 टक्के मतं लागतात, म्हणजे चौथाईहून जास्त ज्याच्या हातात, तो ठराव अडवू शकतो. ठराव मंजूर करून घेण्याची ताकद मात्र त्याने येत नाही. आणि 51 न गाठल्यामुळे एक सोय होते: सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, नेमतो, इथे तो कंपनीचे भागधारक नेमतात.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “48.99? म्हणजे 49च की. मग दोन टक्क्यांवर का अडलं सरकार?”

“काका, दोन टक्के घेतले असते तर कॅग आला असता.”

“अच्छा,” काका म्हणाले, आणि बिलाची घडी घालून खिशात ठेवली. “म्हणजे सरकारलाही सरकारी व्हायचं नव्हतं.”