AVERAGEIF आहे, COUNTIF आहे, मग मध्यकाचेच घोडे कुठे अडले?

बेळगावच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो. परवा रताळ्याचा लिलाव आटोपल्यावर मालकांनी विचारले, "खानापूरच्या मालाला साधारण काय दर लागला, ते सांगा बघू." प्रश्न साधा होता आणि उत्तर एका ओळीत यायला हवे होते, त्यासाठी माझा अख्खा दुपारचा वेळ गेला, आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

साठ पावत्यांपैकी खानापूरच्या नऊ होत्या. सात लॉटचे क्विंटलचे दर 1400, 1500, 1550, 1600, 1650, 1700 आणि 4200 असे होते. शेवटचा लॉट निवडक मालाचा होता. उरलेले दोन लॉट विकले गेले नव्हते, म्हणून त्यांचा दराचा रकाना रिकामा होता. एक्सेलच्या AVERAGEIF ने तत्काळ सरासरी 1943 सांगितली. आता सातपैकी सहा शेतकऱ्यांना जो दर मिळालाच नाही, तो "साधारण दर" म्हणून मालकांच्या पुढ्यात कोणत्या तोंडाने ठेवायचा? इथे मध्यकच हवा, म्हणजे दर चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा, 1600.

आणि नेमका तोच मिळत नाही. सरासरीला, बेरजेला, मोजणीला अट लावण्याची सोय 2007 सालच्या एक्सेलपर्यंत झाली, पुढे MAXIFS आणि MINIFS सुद्धा आले. मध्यकाच्या वाट्याला मात्र सावत्रपणाच आला. मग हा द्राविडी प्राणायाम करावा लागतो:

```
=MEDIAN(IF(B2:B61="खानापूर",C2:C61))
```

आमच्या दुकानातील एक्सेल जुने आहे, त्यामुळे इथे नुसते Enter दाबून चालत नाही. Ctrl+Shift+Enter दाबावे लागते, तेव्हा सूत्राभोवती महिरपी कंस उमटतात. ते कंस हाताने टाइप केले तर सूत्र सूत्रच राहत नाही, नुसता मजकूर होतो. मी सूत्र F2 या घरात नीट बसवून चहाला गेलो, तेवढ्यात मालकांनी सूत्र पाहण्यासाठी त्यात शिरून Enter दाबले. कंस उडाले आणि आकडा भलताच झाला, कारण कंसाविना ते जुने एक्सेल अट फक्त आपल्याच ओळीतील पावतीला लावते, आणि दुसऱ्या ओळीत खानापूरचाच लॉट असल्याने अट खरी ठरून सगळ्याच गावांच्या दरांचा मध्यक आला. तेच सूत्र यादीच्या खाली, सत्तराव्या ओळीत असते तर #VALUE! तरी आले असते आणि चूक दिसली असती. नव्या एक्सेलमध्ये ही कटकट राहिलेली नाही, असे ऐकवणाऱ्यांनी नव्या एक्सेलचे पैसेही द्यावेत.

पण खरा घात कंसांनी केलाच नाही. कंस नीट असतानाही उत्तर 1550 येत होते आणि ते इतके खरे वाटत होते की मी ते वहीत उतरवलेसुद्धा. नुसत्या MEDIAN ला रकाना दिला तर तो रिकामे घर सोडून देतो. परंतु तोच रकाना IF मधून गेला की रिकाम्या घराचे शून्य होते. न विकलेले दोन लॉट शून्य दराने विकल्यासारखे रांगेत पुढे येऊन बसले, सातांचे नऊ झाले, आणि मधला आकडा 1600 वरून एक पायरी खाली घसरला. COUNTIF ने खानापूरच्या नऊ पावत्या दाखवल्या आणि भरलेले दर मात्र मोजल्यावर सातच निघाले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक IF:

```
=MEDIAN(IF(B2:B61="खानापूर",IF(C2:C61<>"",C2:C61)))
```

इथे दोन अटींसाठी AND वापरण्याचा मोह होतो, तो मीही केला. AND साठही ओळींचा मिळून एकच निकाल देतो, ओळीगणिक देत नाही. एक पावती जरी चंदगडची असली तरी सगळेच खोटे ठरते. अटीचा दराशी गुणाकार करण्याची युक्ती आमच्या शेजारच्या दुकानातील कारकुनाने सुचवली, तर मध्यक चक्क शून्य आला, कारण खानापूरबाहेरच्या एक्कावन्न ओळींचे शून्य झाले होते. IF मध्ये "नाहीतर" ची जागा मोकळीच सोडायची असते, म्हणजे तिथे FALSE येते आणि MEDIAN ते सोडून देतो. भल्या मनाने तिथे 0 लिहिले की संपलेच. (आमचे हमाल चिठ्ठीवर गावाचे नाव कधी कन्नडमध्ये लिहितात, कधी "खानापुर" असे ऱ्हस्व, तो दोष मात्र मी एक्सेलच्या माथी मारत नाही, ते आमचेच कर्म.)

संध्याकाळी 1600 हा आकडा सांगितला, तर मालक म्हणाले, "एवढंच ना? मग दुपारपासून काय करत होता?" आणि आता त्यांना चंदगडच्या मालाचाही असाच दर हवा आहे, तोही फक्त सोमवारच्या लिलावांचा, म्हणजे पोटात अजून एक IF.