मायस्थेनियात झोपेची गोळी "बिनधास्त घ्या" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या पेशंटनी झोपेच्या गोळीला उगाच घाबरू नये. १) गोळी मेंदूवर काम करते, स्नायूंवर नाही. २) दम लागतो तो बरेचदा टेन्शनमुळे, गोळीने श्वास शांत होतो. ३) ऑक्सिमीटर ९५ च्या वर असेल तर काळजी नाही. ४) अर्धी गोळी घेतली तर काहीच होत नाही. गरजूंना पाठवा."

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. मायस्थेनिया म्हणजे स्नायू दुबळे पडून लवकर थकण्याचा आजार, त्यातला बिघाड असतो नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागी, तिथे बहुतेक पेशंटमध्ये अँटिबॉडीज स्नायूवरचे रिसेप्टर निकामी करतात आणि नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन मंडळी मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात हे मान्य. पण श्वास घ्यायचा हुकूम कुठून सुटतो? मेंदूच्या तळातूनच ना! रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथून डायफ्रामला, म्हणजे श्वासपटलाला, जोर लावायला सांगितलं जातं आणि ही गोळी नेमकी तीच जाणीव बोथट करते, वर घशाचे स्नायूही सैल पडतात, त्यामुळे झोपेत हवेची वाट अरुंद होते. धडधाकट माणसाला हे सहसा जाणवतही नाही कारण त्याच्या स्नायूंकडे भरपूर ताकद शिल्लक असते. मायस्थेनियात स्नायू आधीच मेटाकुटीला आलेले, त्यात हुकूमही ढिला, मग भरपाई करायची कोणी? डायझेपामच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात ही गोळी कुणाला देऊ नये त्या यादीत मायस्थेनिया ग्रेव्हिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, ते काही उगाच नाही.

आता दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्रच घेतो कारण सगळ्यात मोठा घात या दोघांच्या जोडीने होतो.

समजा ६० किलो वजनाची एक पेशंट आहे. सर्दी-खोकला झालाय, आणि इन्फेक्शन हे मायस्थेनिया बिघडण्याचं नेहमीचं कारण. एरवी पूर्ण श्वास भरून जोरात सोडला तर अडीच लिटर हवा निघायची, आता निघते १.३ लिटर. या मापाला एफव्हीसी म्हणतात आणि ते किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेलं, म्हणजे हिच्या बाबतीत १२०० मिलिलिटरच्या खाली, की डॉक्टर आयसीयू आणि व्हेंटिलेटरचा विचार करायला लागतात, म्हणजे ही अगदी काठावर आहे. ती बेचैन आहे, आडवं झोपवत नाही, मिनिटाला २८ श्वास घेतेय, प्रत्येक श्वासात जेमतेम ३०० मिलिलिटर हवा. घरच्यांना वाटतं घाबरलीये. पण हे २८ श्वास भीतीचे नाहीत हो, तेच तिला तारून धरतायत! प्रत्येक श्वासातले साधारण १३० मिलिलिटर श्वासनळ्यांतच राहतात, कामाला येतात फक्त १७०. १७० गुणिले २८ म्हणजे मिनिटाला ४७६० मिलिलिटर कामाची हवा, आणि तेवढ्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कसाबसा नॉर्मल, म्हणजे ४० वर टिकलाय.

गोळी दिली. तासाभरात श्वास २० वर आला, एका श्वासात २९० मिलिलिटर. बघणाऱ्याला वाटतं, चला, शांत झोपली एकदाची. हिशोब करा: १६० गुणिले २०, म्हणजे ३२००. कामाची हवा एक तृतीयांशाने घटली आणि असंच चालू राहिलं तर कार्बन डायऑक्साइड साधारण ६० पर्यंत चढतो. त्या चढलेल्या कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणखी वाढते, श्वास आणखी उथळ होतो आणि गाडी उतारालाच लागते.

आणि ऑक्सिमीटर? फुप्फुस चांगलं असेल तर कार्बन डायऑक्साइड ६० झाला तरी तो ऑक्सिजन ९३-९४ दाखवू शकतो, आणि कुणी मदत म्हणून नाकाला ऑक्सिजनची नळी लावली असेल तर चक्क ९८. कारण ते यंत्र ऑक्सिजन मोजतं, हवा आत-बाहेर किती होतेय ते मोजतच नाही. स्नायू थकल्यामुळे होणाऱ्या त्रासात ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो, म्हणून त्या आकड्यावर विसंबून घरी थांबणं मला फार धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा माणसाकडे बघा. एक वाक्य बोलताना मध्येच दम घ्यावा लागतोय का, मान पुढे पडतेय का, लाळ गिळता येत नाहीये का, श्वास आत घेताना पोट वर यायच्या ऐवजी आत ओढलं जातंय का. पूर्ण श्वास भरून एका दमात सेकंदाला साधारण दोन या वेगाने आकडे मोजायला सांगा, २० पर्यंतही जाता येत नसेल तर तातडीने हॉस्पिटल. तिथे एफव्हीसी आणि धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी करा असं स्वतःहून म्हणा, आणि एवढ्या वेगाने श्वास चालू असताना कार्बन डायऑक्साइड "नॉर्मल" आला तरी निर्धास्त होऊ नका, धापा टाकणाऱ्या माणसाचा तो कमी यायला हवा.

अर्ध्या गोळीचं म्हणाल तर डायझेपाम शरीरात फार रेंगाळतं. निम्मं उतरायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात आणि त्यातून तयार होणाऱ्या पदार्थाला १०० तासांपर्यंत. म्हणजे रोज रात्री अर्धी घेतली तर कालची उतरायच्या आत आजची वर चढते, चौथ्या-पाचव्या रात्री अंगात अर्ध्या गोळीपेक्षा बरंच जास्त साचलेलं असतं. त्यात खोकल्याचं कोडीनवालं औषध, झोप आणणारी सर्दीची गोळी किंवा दारू असेल तर विचारूच नका. झोल्पिडेम लवकर उतरतं खरं, पण ब्रिटनमधल्या माहितीपत्रकात तेही मायस्थेनियात निषिद्धच आहे.

प्रत्येक मायस्थेनियावाल्याला एका गोळीने काहीतरी होईलच असं मी म्हणत नाहीये. आजार फक्त पापण्यांपुरता आहे, एफव्हीसी चांगली आहे, अशांना न्यूरॉलॉजिस्ट कधी कधी लक्ष ठेवून देतातही, ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञही बेतानं वापरतात. पण तिथे शेजारी श्वास देणारं यंत्र आणि माणूस असतो, मेसेज वाचून रात्री गोळी घेणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

झोप येत नाही हा त्रास खराच आहे, फक्त आधी कारण शोधायला हवं. प्रेडनिसोलोन दुपारनंतर घेत असाल तर झोप उडतेच, ते सकाळी घेता येईल का ते विचारा. पायरिडोस्टिग्मिनचा असर साधारण ३-४ तासांचा, मग मध्यरात्री जाग येते ती औषध उतरल्यामुळे का, हेही विचारा. आणि आडवं झालं की दम, सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग असं असेल तर झोपेतच श्वास कमी पडतोय का ते तपासून घ्या, कारण स्वप्नांच्या झोपेत छातीचे बाकीचे स्नायू जवळजवळ बंद असतात आणि सगळा भार एकट्या डायफ्रामवर येतो.

आणि जे आधीपासून महिनोन् महिने अशी गोळी घेतायत त्यांनी हे वाचून आज रात्री ती एकदम बंद करू नका, त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांना भेटून डोस हळूहळू उतरवून घ्या, आणि मधल्या काळात दम वाढला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.