लातूरच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

"शुभेच्छा आपोआप जातील म्हणून वर्षाची वर्गणी भरली. प्रत्यक्षात रोज रात्री कुणीतरी यादी उघडून 'मंजूर' दाबायचं. ३१ मेच्या रात्री ते राहून गेलं, तर १ जूनला ज्यांचे वाढदिवस होते त्या सगळ्यांना काहीच गेलं नाही. एवढं हातानेच करायचं तर ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं? दोन स्टार."

नमस्कार. त्या रात्री यादी मंजूर झाली नाही म्हणून संदेश थांबले. ही यंत्रणा मुद्दामच तशी ठेवली आहे. उशिरा गेलेली शुभेच्छा चालते, पण वारलेल्या सभासदाच्या घरी गेलेली शुभेच्छा परत घेता येत नाही. म्हणून मंजुरी नसेल तर संदेश 'थांबवलेले' या रकान्यात पडून राहतात. पुढचे दोन दिवस ते तिथून 'उशिराच्या शुभेच्छा' या मजकुरासह पाठवता येतात.

पण खरा मुद्दा १ जूनचा आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या बॅचची यादी उघडा, त्या एका तारखेला नावांची रांग दिसेल. घरी जन्मतारीख लिहून ठेवलेली नसायची, मग शाळेत नाव घालताना गुरुजी वयाच्या अंदाजाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख दाखल्यावरून नोकरीत गेली, म्हणून तर ३१ मेला सरकारी कार्यालयांत एवढे निरोप समारंभ असतात. तुमच्या यादीतल्या तारखा शाळेच्या रजिस्टरमधून आल्या असतील, तर त्या सगळ्यांना एका सकाळी 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' गेल्या असत्या आणि गटावर दिवसभर हशा पिकला असता. एका दिवशी पाचपेक्षा जास्त नावं आली की आमच्याकडे 'सर्व मंजूर' हे बटण बंद होतं, ते याचसाठी.

उपाय एकदाच करायचा आहे. 'कागदावरची तारीख' आणि 'साजरी करतो ती तारीख' असे दोन रकाने ठेवा आणि शुभेच्छा फक्त दुसऱ्यावरून जाऊ द्या. १ जूनवाल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा: हाच वाढदिवस धरायचा, दुसरी तारीख आहे, की शुभेच्छा नकोत? काही जण हौसेने १ जूनच साजरा करतात. ते त्यांनी ठरवावं. उत्तर येईपर्यंत दुसरा रकाना रिकामा ठेवा, त्यात अंदाजाने काही भरू नका.

तारखांचा दुसरा घोळ शीटमध्येच होतो. गुगल शीटची सेटिंग अमेरिकेची असेल, तर ०५/०६ म्हणजे ५ जून ही तारीख ६ मे म्हणून साठते आणि त्या सभासदाला महिनाभर आधीच संदेश जातो. २५/०६ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, नुसता मजकूर राहते, त्यामुळे तिला कधीच संदेश जात नाही. असा मजकूर सहसा घराच्या डाव्या बाजूला चिकटलेला दिसतो. तारखा C रकान्यात असतील, तर अशी सगळी नावं या सूत्राने निघतील:

```
=FILTER(A2:C, ISTEXT(C2:C))
```

या यादीत एक जरी नाव आलं, तरी १ ते १२ दिवसांच्या तारखाही उलटल्या असतील असं समजा. नंतर सेटिंग भारताची केली तरी आधी चुकीच्या साठलेल्या तारखा सुधारत नाहीत. सेटिंग बदलून तारखा मूळ कागदावरून पुन्हा भराव्या लागतात.

लग्नाच्या वाढदिवसाला मात्र नजर हवीच. नवरा-बायको दोघंही सभासद असतात, त्यातला एक जातो, कार्यालय त्याच्या ओळीत 'दिवंगत' लिहितं आणि दुसऱ्याची ओळ तशीच राहते. वर्षभराने तिकडे 'उभयतांना शुभेच्छा' जातात. म्हणून दोन्ही ओळींना एकच जोडी क्रमांक द्या. एका ओळीत 'दिवंगत' किंवा 'विभक्त' आलं की त्या क्रमांकाचा लग्नाचा संदेश दोघांचाही बंद होतो. क्रमांक नसेल, तर ते मंजुरी देणाऱ्या माणसालाच आठवायला हवं.

रोजची कटकट नको असेल तर सेटिंगमध्ये 'आठवड्याची मंजुरी' निवडा. रविवारी सात दिवसांची यादी एकदम येते. तारखा एकदा साफ झाल्या की पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मधल्या दिवसांत कुणाची वाईट बातमी आली, तर कार्यकारिणीतला कुणीही सकाळी सहापर्यंत 'थांबवा' दाबू शकतो; त्याला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. मंजुरी देणारे मात्र दोन ठेवा आणि शक्यतो वेगवेगळ्या बॅचचे, कारण १९८५च्या बॅचमधलं कोण गेलं हे २००५च्या बॅचवाल्याला ठाऊक नसतं.

१ जूनवाल्यांना विचारायच्या प्रश्नाचा तयार मजकूर 'साचे' या विभागात आहे. तो तुमच्या मंडळाच्या नावाने पाठवा, आमच्या नावाने नको. अनोळखी नंबरवरून कुणी जन्मतारीख विचारली तर लोक उत्तर देत नाहीत, आणि देऊही नये.